ब्लॉगासाठी चित्र : विकतचे, काढून घेतलेले की यंत्राने रचलेले?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आजकाल अनेक तरुण-तरुणी इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग चालवितात. कोणी आपल्या तालुक्यातील किल्ले-लेण्यांविषयी लिहितो, कोणी शेतीविषयी, तर कोणी स्पर्धा परीक्षांविषयी. लिहिणे स्वतःचे असते, त्यामुळे त्याचा खर्च कोणी मोजत नाही. परंतु लेखासोबत चित्र लागते आणि तेथे प्रश्न उभा राहतो. तयार फोटो विकत घ्यावा, छायाचित्रकाराला सोबत न्यावे, की संगणकाकडून चित्र रचून घ्यावे? यांतील स्वस्त कोणते, असे आम्हाला बरेच जण विचारतात. वरवर पाहता या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते, पण हिशेब मांडला की ते उलटे निघते. तो हिशेब येथे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून मांडीत आहोत.

आमच्या परिचयातील एक तरुण शिक्षक लातूरला राहतात. नोकरी सांभाळून ते आपल्या भागाच्या इतिहासावर ब्लॉग लिहितात. महिन्याला चार लेख आणि प्रत्येक लेखात तीन चित्रे, म्हणजे वर्षाला १४४ चित्रे त्यांना लागतात. सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी किल्लारीच्या भूकंपावर लेख लिहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या त्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे गेली. लेख चांगला होता, माहिती अचूक होती. मात्र फोटो मिळेना म्हणून त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून 'भूकंपात पडलेले मराठवाड्यातील गाव' असे चित्र रचून घेतले. पैसे काही पडले नाहीत. पाच मिनिटांत चित्र तयार झाले.

चार दिवसांनी किल्लारी परिसरातील एक गृहस्थ त्यांना भेटले. १९९३ साली ते बारा वर्षांचे होते आणि त्या पहाटे त्यांच्या घरची तीन माणसे गेली होती. मोबाइलवरचे ते चित्र पुढे धरून ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, आमची घरं अशी इटाची अन् पत्र्याची असती, तर आमची माणसं वाचली असती की."

चित्रात लाल विटांच्या पातळ भिंती होत्या आणि वर वाकलेले पत्रे होते. किल्लारीची जुनी घरे तशी नव्हती. दगड आणि माती रचून केलेल्या दोन-तीन हात जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद, अशी ती घरे होती. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीची भर पडत जाते आणि छताचे वजन वाढत जाते. मातीने सांधलेल्या दगडी भिंती धक्क्याने फाकल्या आणि ते सर्व वजन झोपलेल्या माणसांवर आले. इतके लोक का मेले, याचे उत्तर त्या घराच्या बांधणीतच आहे. म्हणजे त्या फुकटच्या चित्राने लेखातील मुख्य गोष्टच खोटी पाडली होती. गुरुजींनी त्याच रात्री ते चित्र काढून टाकले आणि नंतर कागद घेऊन हिशेबाला बसले.

चित्राचे काम कोणते, हे आधी पाहावे

हिशेबापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येक ब्लॉग लिहिणाऱ्याने करण्यासारखी आहे. वर्षभरातील १४४ चित्रांपैकी कोणते चित्र काय काम करते, याची त्यांनी वाटणी केली. काही चित्रे साक्ष देतात. 'हा औशाचा किल्ला', 'ही खरोशाची लेणी' असे ती सांगतात आणि वाचक त्यांवर विश्वास ठेवतो. अशी ६० निघाली. काही चित्रे समजावून देतात, जसे माळवदाचा आडवा छेद किंवा रस्त्याचा नकाशा. अशी २४ होती. उरलेली ६० चित्रे निव्वळ शोभेची होती : पुस्तकांचा ढीग, पावसाचे ढग, चहाचा कप. शोभेच्या ६० पैकी ४० चित्रांवाचून लेखाचे काहीच अडत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. ती त्यांनी सरळ वगळली. आता लागणारी चित्रे १०४ राहिली. एक रुपयाही खर्च न करता हिशेबाचा चौथा हिस्सा येथेच कमी झाला.

तयार फोटोंचा हिशेब

तयार फोटो, ज्यांना सर्वजण स्टॉक फोटो म्हणतात, ते दोन प्रकारे मिळतात. एक विकतचे. परदेशी संस्थांची महिन्याला दहा चित्रांची योजना सुमारे ३० डॉलरची असते. डॉलर ९० रुपयांचा धरला तर २,७०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४८६ रुपये. एकूण ३,१८६ रुपये महिन्याला, आणि दर चित्रामागे सुमारे ३१९ रुपये. बँक कार्डावर परकीय चलनाचा आकार लावते, तो वेगळा. वर्षाचे ३८ हजारांच्या वर जातात. यात एक फसगतीची जागा आहे. 'महिन्याची' म्हणून दिसणारी योजना बहुधा वर्षाच्या कराराची असते आणि मध्येच सोडल्यास दंड पडतो. पैसे भरण्यापूर्वी तेवढी एक ओळ अवश्य वाचावी.

विकतच्या फोटोंत दुसरी अडचण वापराच्या अटींची असते. दुष्काळ, मोर्चा, भूकंप अशा घटनांच्या फोटोंखाली 'केवळ संपादकीय वापरासाठी' अशी अट लिहिलेली असते. असा फोटो माहितीपर लेखात चालतो. परंतु त्याच लेखातून आपण शिकवणीची किंवा दुकानाची जाहिरात करीत असू, तर तो चालत नाही. फोटोतील माणसांची लेखी संमती घेतलेली नसते, हे त्याचे कारण.

तयार फोटोंचा दुसरा प्रकार फुकटचा. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या ठिकाणचे फोटो विनामूल्य वापरता येतात आणि बहुधा छायाचित्रकाराचे नाव देण्याचेही बंधन नसते. शोभेच्या चित्रांसाठी ही ठिकाणे उत्तम आहेत. परंतु तेथे 'नांदेड' असे शोधले तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यापलीकडे फारसे हाती लागत नाही, आणि तालुक्याच्या गावांचे तर विचारूच नये.

स्थानिक वास्तूंसाठी त्यापेक्षा विकिमीडिया कॉमन्स हे भांडार आधी पाहावे. तेथे अनेक हौशी लोकांनी आपल्या भागातील किल्ले, मंदिरे, लेणी यांचे फोटो ठेवले आहेत. पैसे पडत नाहीत, पण अट पाळावी लागते. पुष्कळ फोटोंवर CC BY-SA 4.0 असा परवाना असतो. त्याचा अर्थ असा की, छायाचित्रकाराचे नाव द्यावे, परवान्याचे नाव व दुवा द्यावा, आणि फोटोत काही बदल केला असल्यास तसे सांगावे. फोटोखाली पुढीलप्रमाणे एक ओळ लिहिली की काम होते : 'छायाचित्र : (काढणाऱ्याचे नाव), विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कडा कापल्या आहेत.' ही ओळ लिहिली नाही तर परवाना गळून पडतो आणि फुकटचा फोटो चोरीचा ठरतो. 'गूगलवरून घेतले' ही ओळ तर कोणताच परवाना नव्हे. गूगल फक्त शोधून दाखविते, फोटोचा मालक दुसराच असतो.

रचलेल्या चित्रांचा हिशेब

संगणकाकडून चित्र रचून घेण्याची साधने दिवसाला काही चित्रांपर्यंत फुकट असतात. त्यापुढे महिन्याला सुमारे ४०० रुपयांपासून २,००० रुपयांपर्यंत वर्गणी पडते. बारा चित्रे लागत असतील, तर ४०० रुपयांच्या वर्गणीत दर चित्र ३३ रुपयांना पडले. तीनशे एकोणीस कोठे आणि तेहेतीस कोठे! येथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो.

परंतु येथे भागाकार चुकतो. पैशाला रचलेल्या चित्रांनी नव्हे, तर वापरता येण्याजोग्या चित्रांनी भागावे लागते. गुरुजींनी खरोशाच्या लेण्यांचे चित्र मागून पाहिले. खरोशाची लेणी औसा तालुक्यातील आहेत, लहान आहेत आणि जांभ्या दगडात कोरलेली आहेत. चित्रात मात्र वेरूळसारखा काळा पाषाण आणि भव्य खांब आले. सूचना बदलून दहा वेळा मागितले, अर्धा तास गेला. दगडाचा रंग तेवढा तांबूस झाला, लेणी वेरूळचीच राहिली. आपल्या वेळेची किंमत तासाला १०० रुपये धरली, तरी त्या अर्ध्या तासाचे ५० रुपये झाले आणि हाती वापरण्याजोगे एकही चित्र नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही साधने इंटरनेटवरील असंख्य चित्रे पाहून शिकलेली असतात. अजिंठा-वेरूळचे फोटो तेथे विपुल आहेत, खरोशाचे थोडे आहेत. ज्याची उदाहरणे थोडी, त्याच्या जागी साधन जवळचे प्रसिद्ध उदाहरण बसविते. म्हणून कंधारचा किल्ला मागितला की राजस्थानचा भासणारा किल्ला येऊ शकतो, आणि किल्लारीचे घर मागितले की कोठलेतरी विटांचे घर येते. साधन खोटे बोलत नाही. त्याने ती जागा पाहिलेलीच नाही. चित्र गुळगुळीत व ठसठशीत असल्याने ही चूक परगावच्या वाचकाला कळत नाही. त्या गावच्या माणसाला मात्र ती पहिल्या नजरेत कळते. ओळखायचे असेल तर बांधणीचा दगड पाहावा, छत पाहावे, झाडे पाहावीत आणि पाट्यांवरील देवनागरी अक्षरे वाचून पाहावीत. पुष्कळदा जोडाक्षरे मोडलेली किंवा अर्थहीन आढळतात.

रचलेले चित्र अजिबात वापरू नये, असे मात्र नव्हे. शोभेच्या जागी किंवा कल्पनाचित्र म्हणून ते चालते. मात्र चित्राखाली 'हे संगणकाकडून रचलेले कल्पनाचित्र आहे' ही ओळ हवी. साक्षीच्या जागी ते कितीही स्वस्त असले तरी महागच पडते.

छायाचित्रकाराचा हिशेब

आता ज्याला सर्वजण महाग म्हणतात, त्या मार्गाकडे वळू. छायाचित्रकाराचा दर माणसागणिक आणि हंगामागणिक बदलतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की त्यांना सवड नसते आणि दरही चढतो. आषाढी ते कार्तिकी या काळात लग्ने कमी असतात, तेव्हा तोच माणूस कमी पैशांत दिवस देतो. शिवाय श्रावण-भाद्रपदात आपला एरवीचा उजाड मुलूख हिरवा असतो. गुरुजींनी पावसाची उघडीप पाहून एक दिवस ठरविला. दिवसाचे ४,००० रुपये, गाडीचे २,०००, चहा-जेवणाचे ४०० आणि फोटो निवडून साफ करण्याचे ६००, असे एकूण ७,००० रुपये लागले.

या ७,००० रुपयांत चित्रे किती पडतात, हे यादीवर अवलंबून असते. यादीशिवाय गेले की दिवसभरात ३०० फोटो निघतात, पण त्यांत एकाच दरवाजाचे चाळीस असतात आणि लेखाला उपयोगी बाराच निघतात. म्हणजे दर चित्र ५८३ रुपयांना पडले. गुरुजींनी पुढील वर्षभराचे लेख आधी ठरविले आणि ६० फोटोंची यादी केली. औसा, खरोसा आणि किल्लारी ही तिन्ही ठिकाणे औसा तालुक्यातच असल्याने त्यांनी एकाच फेरीत ती घेतली. सकाळच्या तिरप्या उन्हात औशाचा किल्ला, कारण तेव्हा दगडी बांधकामाचा उठाव दिसतो. दुपारी खरोशाची लेणी, कारण आतल्या अंधारात तिपाईवर कॅमेरा ठेवून काम करायचे, तेथे बाहेरच्या उन्हाने फारसे बिघडत नाही. आणि उतरत्या उन्हात किल्लारीची जुनी गावठाण व भूकंपाचे स्मारक. यादीतील प्रत्येक ओळीत जागा, कोणत्या बाजूने, आडवा की उभा फोटो आणि कोणत्या लेखासाठी, एवढे लिहिलेले होते. साठच्या साठ फोटो मिळाले. दर चित्र ११७ रुपयांना पडले. विकतच्या तयार फोटोच्या तुलनेत ही किंमत निम्म्याहूनही कमी आहे.

फोटो घेताना एक काळजी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठविला की तो लहान होतो आणि पुढे छापायला निरुपयोगी ठरतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

मालकी कोणाची?

छायाचित्रकाराच्या मार्गात आणखी एक फायदा आहे, जो पावतीवर दिसत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो सांगणारा असतो, मात्र उलट करार झालेला नसावा. म्हणजे ते ६० फोटो गुरुजींचे झाले. ते ब्लॉगवर, पुस्तकात किंवा एखाद्या स्मरणिकेत कितीही वेळा वापरता येतील. विकतच्या तयार फोटोत आपण मालक होत नाही, फक्त वापराची परवानगी घेतो. रचलेल्या चित्रावर मालकी सांगणे तर आणखी कठीण आहे. माणसाच्या कर्तृत्वाशिवाय यंत्राने निर्माण केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, असा निर्णय अमेरिकेत २०२३ साली न्यायालयाने दिला आणि २०२५ साली अपील न्यायालयाने तो कायम केला.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. आपण सांगण्यापूर्वीच काढलेला फोटो काढणाऱ्याचाच असतो. गुरुजींना १९९३ च्या पडलेल्या माळवदाचा खरा फोटो हवा होता. त्यांनी त्या काळी स्टुडिओ चालविणाऱ्या एका वृद्ध छायाचित्रकाराला गाठले. त्यांच्याकडे तेव्हाच्या निगेटिव्ह जपून ठेवलेल्या होत्या. १,००० रुपये मानधन घेऊन त्यांनी दोन फोटो दिले. येथे पैसे दिले म्हणून मालकी बदलत नाही, लेखी परवानगी लागते. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. ब्लॉग तर जगभर दिसतो आणि पाच वर्षांनंतरही राहतो. म्हणून गुरुजींनी साध्या कागदावर एवढेच लिहून घेतले : 'मी काढलेले किल्लारी भूकंपाचे दोन फोटो आपल्या ब्लॉगवर व त्या लेखांच्या पुस्तकात, जगभर आणि कायमस्वरूपी, माझ्या नावासह वापरण्यास १,००० रुपये घेऊन परवानगी देत आहे.' खाली तारीख व सही. असा कागद करायला पाच मिनिटे लागतात.

वर्षाचा ताळा

आता एकूण बेरीज पाहू. साक्षीची ६० चित्रे छायाचित्रकाराकडून, ७,००० रुपये. जुने दोन फोटो, १,००० रुपये. समजावणारी २४ चित्रे गुरुजींनी स्वतः पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढली आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलने टिपली, त्यांना खर्च नाही. माळवदाचा छेद त्यांनी किल्लारीच्या त्या गृहस्थांना समोर बसवून, विचारून काढला. शोभेची २० फुकटच्या भांडारातून. वर्षाचे एकूण ८,००० रुपये. सगळीच चित्रे विकत घेतली असती तर ३८ हजार लागले असते आणि तरीही खरोसा मिळाले नसते. सगळीच रचून घेतली असती तर पाच हजारांच्या आत भागले असते, आणि साठ ठिकाणी खोटी साक्ष गेली असती.

आठ हजार ही रक्कमही सर्वांना परवडेल असे नाही. तेव्हा दोन मार्ग आहेत. एकाच भागावर लिहिणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून गाडी व छायाचित्रकाराचा दिवस वाटून घ्यावा. मात्र फोटो तिघांच्या समाईक मालकीचे राहतील, असे आधीच लिहून ठेवावे. किंवा उजेडातील बाहेरचे फोटो स्वतःच्या मोबाइलने काढावेत आणि छायाचित्रकार फक्त अंधाऱ्या लेण्यांपुरता अर्धा दिवस न्यावा. साक्षीसाठी मोबाइलचा थोडा वाकडा पण खरा फोटो पुरतो.

किल्लारीच्या लेखात आता तो जुना फोटो आहे. त्याखाली छायाचित्रकाराचे नाव आहे, आणि त्याखाली आधीचे चित्र चुकीचे होते, अशी दोन ओळींची दुरुस्तीही आहे. ते गृहस्थ लेख पुन्हा वाचून म्हणाले, "आता हे आमचं घर हाय."